पंच्याण्णवलाच

शेअर बाजारातले शब्द नवशिक्यांना सोपे करून सांगणारं एक कॅरोसेल पाहण्यात आलं. दहा स्लाइड, एका स्लाइडवर एकच शब्द, त्याखाली दोन-तीन ओळींत अर्थ आणि कोपऱ्यात लहानसं चित्र. बोटाने सरकवत जायचं आणि दोन मिनिटांत दहा शब्द ओळखीचे करून घ्यायचे. पहिल्या स्लाइड छान होत्या. लाभांशाची तर फारच नेमकी. सातव्या स्लाइडवर ‘स्टॉप लॉस’ होता. चित्र बंद कुलपाचं. खाली लिहिलं होतं : ‘१०० ला घेतलेल्या शेअरला ९५ चा स्टॉप लॉस लावा. भाव पडला तर शेअर ९५ लाच विकला जाईल. तोटा ५ च्या पुढे जाणार नाही.’ बोट आठव्या स्लाइडवर गेलं, पण मन सातवीवरच अडकून पडलं. वाक्य स्वच्छ होतं, एकही जड शब्द नव्हता, वाचताक्षणी कळत होतं. आणि तरीही काहीतरी टोचत होतं. दोनदा मागे जाऊन वाचल्यावर ते सापडलं. ‘९५ लाच’ मधला ‘च’.

मराठीतला हा एवढासा ‘च’ मोठं काम करतो. ‘उद्या येतो’ म्हटलं तर परवा आलं तरी चालून जातं. ‘उद्याच येतो’ म्हटलं की शब्द दिला गेला. ‘च’ जिथे चिकटतो तिथे हमी उभी राहते. त्या स्लाइडवर तो भावाला चिकटला होता, आणि स्टॉप लॉसमध्ये भावाची हमी कुणीच देत नाही. दलाल देत नाही, एक्सचेंज देत नाही, समोरचा खरेदीदार तर नाहीच नाही. स्लाइड लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. या शब्दाच्या नावातच ‘तोटा थांबव’ असा हुकूम आहे, आणि हुकूम दिला की तो पाळला जाईल असं वाटणं साहजिक आहे. पण नवशिका माणूस या एका शब्दाच्या भरवशावर रात्री निर्धास्त झोपतो, म्हणून दहा शब्दांत सगळ्यांत जपून लिहायला हवा असा शब्द हाच.

सोपं करून सांगताना चूक कुठे होते ते पाहायचं तर आधी ‘भाव’ या शब्दापाशी थांबावं लागतं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत जो आकडा लुकलुकत असतो, तो शेवटच्या सौद्याचा भाव असतो. म्हणजे तो घडून गेलेल्या गोष्टीचा आकडा आहे. कुणीतरी क्षणापूर्वी त्या भावाला विकलं आणि कुणीतरी घेतलं, एवढंच तो सांगतो. पुढचा सौदा त्याच भावाला होईल असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. पुढचा सौदा ठरतो तो दोन रांगांवरून. एका बाजूला घेणारे उभे असतात, प्रत्येकाच्या हातात ‘मी जास्तीत जास्त एवढे देईन आणि एवढे शेअर घेईन’ अशी पाटी. दुसऱ्या बाजूला विकणारे, ‘मला कमीत कमी एवढे हवेत’ अशा पाट्या घेऊन. घेणाऱ्यांत सगळ्यांत जास्त देणारा पुढे, विकणाऱ्यांत सगळ्यांत कमी मागणारा पुढे. दोघांच्या मध्ये थोडं अंतर असतं. कुणीतरी ते अंतर ओलांडून पलीकडच्याची पाटी मान्य करतो, तेव्हा सौदा होतो आणि मोठ्या अक्षरांतला आकडा बदलतो.

हे चित्र डोळ्यांसमोर आलं की ऑर्डरचे दोन मूळ प्रकार आपोआप वेगळे दिसतात. मार्केट ऑर्डर म्हणजे ‘रांगेत जो कोण आहे त्याला, तो देईल त्या भावाला, पण आत्ता विक.’ इथे विक्री जवळपास पक्की, भाव अनिश्चित. लिमिट ऑर्डर म्हणजे ‘या भावाला किंवा याहून चांगल्या भावाला विक, नाहीतर थांब.’ इथे भावाची मर्यादा पक्की, विक्री अनिश्चित. दोन्ही गोष्टी एकत्र पक्क्या करून देणारी ऑर्डर नाही. असती तर पलीकडे तेवढ्या भावाला तेवढे शेअर घ्यायला कायम तयार असलेला माणूसही असायला हवा होता, आणि तसा माणूस बांधून ठेवता येत नाही.

त्या स्लाइडवरची व्याख्या शब्दशः पाळली तर काय होईल, हेही याच चित्रावरून दिसतं. एखाद्याने वाचलं, ‘शेअर ९५ ला विकायचा’, आणि त्याने विक्रीच्या खिडकीत साधी लिमिट ऑर्डर भरली : २०० शेअर, भाव ९५. बाजारात त्या वेळी भाव १०० चालला आहे. ऑर्डर तिथे ९५ ची वाट बघत बसेल अशी त्याची कल्पना. प्रत्यक्षात ती त्याच क्षणी पूर्ण होते, ९९ किंवा १०० च्या आसपास. कारण ‘किमान ९५ हवेत’ असं त्याने सांगितलं आणि रांगेतला पहिला माणूस त्याहून बरंच जास्त द्यायला तयार होता. शेअर गेले, आणि माणूस विचार करत बसतो की भाव पडलाच नाही तर विकलं कसं गेलं. नवशिक्यांच्या हातून होणारी ही फार नेहमीची चूक आहे. तिचं मूळ ऑर्डर भरण्याच्या घाईत कमी असतं, व्याख्येत जास्त. ‘ठरलेल्या भावाला विकणे’ हे वर्णन लिमिट ऑर्डरचं आहे. स्टॉप लॉसचं वेगळेपण त्याच्या वाट बघण्यात आहे, आणि नेमकं तेच स्लाइडवरून गळालं होतं.

स्टॉप लॉस म्हणजे गजर.

ठरलेली वेळ झाली की गजर वाजतो, झोपलेला माणूस उठून निघतो. निघाल्यावर गाडी मिळेल का, बसायला जागा मिळेल का, याच्याशी गजराचा संबंध नाही. स्टॉप लॉसमध्ये जो ९५ आकडा भरतात तो ट्रिगरचा भाव, म्हणजे गजराची वेळ. बाजारात शेवटचा सौदा ९५ ला किंवा त्याखाली होत नाही तोवर ही ऑर्डर रांगेत नसतेच. बाजूला झोपलेली असते, बहुतेक पडद्यांवर तिच्यापुढे ‘ट्रिगर पेंडिंग’ असं दिसतं. सौदा ९५ ला झाला की ती जागी होते आणि विक्रीची साधी ऑर्डर बनून बाजारात जाते. कुठे ती मार्केट ऑर्डर बनते, कुठे लिमिट. ते भरताना आपण निवडलेलं असतं. पडद्यावर बहुधा SL-M आणि SL अशी दोन नावं दिसतात, पहिली मार्केटवाली आणि दुसरी लिमिटवाली. नवशिक्याला ही दोन बटणं सारखी वाटतात. त्यांच्यातला फरक मात्र वाईट दिवशीच कळतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. एकाने २०० शेअर १०० ला घेतले आहेत. गुंतले २०,०००. ट्रिगर ९५ वर, ऑर्डर मार्केट प्रकारची. मनातला हिशोब सरळ आहे : दर शेअरला ५, एकूण तोटा फार तर १,०००. पहिला दिवस साधा आहे. भाव हळूहळू उतरतो, ९७, ९६, ९५.४०, आणि दुपारी एक सौदा ९५ ला होतो. गजर वाजला. त्या क्षणी घेणाऱ्यांच्या रांगेत पहिल्याकडे ९५ ची पाटी आहे, पण त्याला फक्त ५० शेअर हवे आहेत. त्याच्या मागचा ९४.८० देतो, त्याला ७० हवेत. तिसरा ९४.५० देतो, त्याला पाहिजे तेवढे. आपले २०० शेअर असे वाटले जातात : ५० गेले ९५ ला, ७० गेले ९४.८० ला, उरलेले ८० गेले ९४.५० ला. हाती आले १८,९४६. तोटा १,०५४. मनातल्या हिशोबापेक्षा ५४ जास्त. या घसरणीला स्लिपेज म्हणतात, आणि शांत दिवशी ती एवढीशीच असते. हजारावर चोपन्न कुणी मनाला लावून घेत नाही. पण हे चोपन्न कुठून आले हे ज्याला कळलं त्याला पुढचं सगळं कळतं, म्हणून मला वाटतं की स्लाइडवर आकडा द्यायचाच असेल तर तो हाच द्यावा.

हा ५४ आधी अंदाजे दिसतोही. ऑर्डर भरायच्या खिडकीशेजारी बहुतेक ठिकाणी घेणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या वरच्या पाच-पाच पाट्या दाखवलेल्या असतात. आपल्याकडे जेवढे शेअर आहेत तेवढे घ्यायची तयारी घेणाऱ्यांच्या या पाच ओळींत मिळून आहे का, एवढं बघायचं. त्यांची बेरीज आपल्या संख्येच्या कितीतरी पट असेल तर घसरण किरकोळ राहील. पाच ओळींत मिळून दीडशेच शेअर मागितलेले असतील आणि आपल्याकडे दोनशे असतील, तर आपलीच विक्री भाव खाली ढकलणार. पहिल्या घेणाऱ्याच्या आणि पहिल्या विकणाऱ्याच्या पाटीत बरंच अंतर दिसलं तर तीही तीच खूण. शिवाय ही सगळी पाहणी शांत वेळची असते, हेही ध्यानात ठेवावं लागतं. भाव कोसळू लागला की घेणारे सगळ्यांत आधी आपल्या पाट्या काढून घेतात. गजर वाजतो तेव्हाची रांग सकाळी पाहिलेल्या रांगेपेक्षा जवळजवळ नेहमीच रोडावलेली असते.

आता दुसरा दिवस. तोच माणूस, तेच २०० शेअर, तोच ९५ चा ट्रिगर. बाजार बंद झाला तेव्हा भाव ९८ होता. रात्री कंपनीबद्दल एक वाईट बातमी आली. सकाळी पहिलाच सौदा ८८ ला झाला. मधल्या ९७, ९६, ९५, ९४ या पायऱ्यांवर कुणी उभंच राहिलं नाही. भाव जिना उतरला नाही, त्याने थेट खाली उडी मारली. याला गॅप म्हणतात. ट्रिगर तर लागला, कारण ८८ हा आकडा ९५ च्या खालीच आहे. पण रांगेत ८८ ला १२० शेअर घेणारा एक आणि ८७.५० ला घेणारा दुसरा, एवढेच आहेत. १२० गेले ८८ ला, ८० गेले ८७.५० ला. हाती आले १७,५६०. तोटा २,४४०. ‘तोटा ५ च्या पुढे जाणार नाही’ असं सांगितलेल्या माणसाला दर शेअरला १२.२० चा तोटा झाला. स्टॉप लॉसने त्याचं काम तंतोतंत केलं. ऑर्डर वेळेवर जागी झाली, लगेच निघाली, पूर्ण विकली गेली. बिघाड यंत्रात कुठेच झाला नाही. बिघाड होता तो सातव्या स्लाइडवर, त्या एका ‘च’मध्ये.

हीच गोष्ट ताणत नेली की रांग किती रिकामी होऊ शकते, याचं उदाहरण ६ मे २०१० या दिवसाचं आहे. अमेरिकेतल्या बाजारात त्या दुपारी काही मिनिटांत डाऊ निर्देशांक कोसळून दिवसाच्या तळाला, म्हणजे आदल्या दिवशीच्या बंद आकड्यापेक्षा सुमारे नऊ टक्के खाली, गेला आणि बराचसा तितक्याच लगबगीने सावरला. त्या धावपळीत कित्येक शेअरांमधले खरे घेणारे बाजूला झाले. रांगेत उरल्या त्या केवळ नावापुरत्या पाट्या. बाजारात दोन्ही बाजूंनी भाव देत राहण्याचं बंधन असलेल्या काही संस्था, ते बंधन कागदोपत्री पाळायला एक सेंटला घेऊ आणि एक लाख डॉलरला विकू अशा पाट्या लावून ठेवत. त्या भावाला कधी सौदा होईल असं कुणालाच अपेक्षित नसायचं. त्या दुपारी त्या पाट्यांवर खरोखर सौदे झाले. चाळीस डॉलरच्या आसपास चालणारा ॲक्सेंचरचा शेअर एक सेंटला विकला गेला. ‘मिळेल त्या भावाला विक’ या हुकमाचा अक्षरशः अर्थ तो असा. नंतरच्या अधिकृत अहवालानुसार तीनशेहून अधिक शेअर व फंडांमध्ये मिळून वीस हजारांवर सौदे आधीच्या भावापासून साठ टक्क्यांहून दूरच्या भावाला झाले होते. ते रद्द करण्यात आले. तसल्या नावापुरत्या पाट्यांवर त्याच वर्षाअखेरीस बंदी आली. पण साठ टक्क्यांच्या आतले सौदे तसेच राहिले, आणि ज्यांचे शेअर पन्नास टक्के खाली विकले गेले त्यांना काही परत मिळालं नाही.

मग लिमिटवाला स्टॉप लॉस वापरावा, असं इथे पटकन मनात येतं. त्यात दोन आकडे भरायचे असतात. ट्रिगर ९५ आणि लिमिट, समजा, ९४. अर्थ असा की ९५ ला जागी हो, पण ९४ च्या खाली विकू नकोस. विक्रीसाठी भरताना लिमिटचा आकडा ट्रिगरएवढा किंवा त्याहून कमी असावा लागतो. उलटा भरला तर ऑर्डर सहसा परत येते. पहिल्या साध्या दिवशी ही ऑर्डर पूर्ण विकली गेली असती, कारण रांग ९४.५० लाच पुरली होती. आता दुसरा दिवस घ्या. सकाळी ८८ ला बाजार उघडला, ट्रिगर लागला, ऑर्डर जागी झाली आणि ‘किमान ९४’ अशी पाटी घेऊन विकणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. ८८ देणाऱ्यांना ९४ मागणाऱ्याशी काही देणंघेणं नाही. दुपारपर्यंत भाव ८४, संध्याकाळी ८०. माणसाला वाटतंय की आपला स्टॉप लॉस लागला, आपण सुटलो. पडदा उघडून पाहतो तर ट्रिगर लागलेला आहे आणि २०० शेअर जिथल्या तिथे आहेत. कागदावरचा तोटा ४,०००. मार्केटवाल्याने २,४४० गमावले पण तो बाहेर पडला. लिमिटवाला ८७ ला विकायला तयार नव्हता, म्हणून ८० ला आत अडकून राहिला.

अर्थात भाव संध्याकाळी वर आला असता तर हाच माणूस ९४ ला सुटला असता आणि शहाणा ठरला असता. मे २०१० च्या त्या दुपारी लिमिटवाले वाचले आणि मार्केटवाले फसले, कारण तिथे भाव लगेच परत आला होता. कंपनीच्याच मुळाला धक्का देणाऱ्या बातमीच्या सकाळी बहुधा उलट होतं. वाईट दिवस या दोनपैकी कोणत्या जातीचा आहे, हे त्या दिवशी सकाळी कळत नाही. म्हणून ‘कोणता चांगला’ या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर नाही. ज्या शेअरात रांगा लांब आणि दाट असतात तिथे बाहेर पडणं महत्त्वाचं मानून मार्केटवाला, आणि जिथे रांगा विरळ, एका सौद्याने भाव उडी मारतो, तिथे थोडं खाली अंतर ठेवून लिमिटवाला, असा माझा कल आहे. लिमिट ट्रिगरला अगदी चिकटवून, म्हणजे दोन्ही आकडे ९५ ठेवणं मला पटत नाही. पहिल्या साध्या दिवशीच तशी ऑर्डर ५० शेअर विकून उरलेले १५० हातात ठेवून उभी राहिली असती.

ही संभ्रमाची गोष्ट बाजार चालवणाऱ्यांनाही दिसलेली आहे. न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजने फेब्रुवारी २०१६ पासून स्टॉप ऑर्डर स्वीकारणं बंद केलं. त्याआधी २४ ऑगस्ट २०१५ च्या सकाळी बाजार उघडताच भाव असे कोसळले होते की शेकडो शेअर आणि फंडांचे व्यवहार मिळून बाराशेहून अधिक वेळा थांबवावे लागले होते. सामान्य गुंतवणूकदार या ऑर्डरकडे संरक्षण म्हणून पाहतात पण तिच्यातली जोखीम त्यांना पूर्ण समजलेली नसते, असं एक्सचेंजचं म्हणणं होतं. बीएसईनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये मार्केटवाला स्टॉप लॉस बंद केला, लिमिटवाला ठेवला. स्वतः एक्सचेंजने न घेतलेली अशी ऑर्डर काही दलाल आपल्या यंत्रणेत झोपवून ठेवतात आणि ट्रिगर लागला की बाजारात पाठवतात. तेव्हा आपला स्टॉप लॉस एक्सचेंजच्या दारात झोपला आहे की दलालाच्या, हे ऑर्डर भरण्याआधी विचारून घेण्यासारखं आहे. दलालाची यंत्रणा बंद पडली तर दुसऱ्या प्रकारातला गजर वाजतच नाही.

गजर किती वाजता लावायचा, यातही ती स्लाइड एक शब्द बोलली नव्हती. १०० च्या शेअरला ९५ हा आकडा इतका गोल आणि इतका सहज सुचणारा आहे की तो बऱ्याच जणांना सुचतो. एकाच आकड्यावर अनेकांचे गजर लागलेले असले की ते एकदम वाजतात, विक्रीचा लोंढा एकाच क्षणी येतो आणि रांग तिथेच संपते. त्याहून नेहमीचा घोटाळा म्हणजे गजर फार जवळ लावणं. गेल्या वीस दिवसांत त्या शेअरचा रोजचा वरचा भाव आणि खालचा भाव यांतलं अंतर मोजून त्याची सरासरी काढा. ती साडेतीन आली, म्हणजे काहीही विशेष न घडता हा शेअर रोज साडेतीन इतका हलतो. त्याला दोनच्या अंतरावर स्टॉप लॉस लावला तर तो एखाद्या साध्या दुपारी लागेल, शेअर विकला जाईल आणि संध्याकाळी भाव परत १०० वर दिसेल. असं तीनदा झालं की माणूस चिडून स्टॉप लॉस लावणंच सोडतो. आणि उडीचा दिवस नंतर येतो.

तोटा खरोखर कुठे थांबतो, याचं उत्तर ऑर्डरच्या खिडकीत ट्रिगरच्या रकान्यात नाही. ते संख्येच्या रकान्यात आहे. ज्याला १,००० पेक्षा जास्त गमावणं परवडणार नाही तो १,००० ला ५ ने भागून २०० शेअर घेतो. हा भागाकार शांत दिवसाचा आहे. त्याच शेअरच्या मागच्या काही वर्षांच्या आलेखात आदल्या दिवशीच्या बंद भावापेक्षा सर्वांत खाली तो कधी आणि किती उघडला, ते शोधायचं. समजा १०० ला १२ एवढी उडी सापडली. मग भागाकार १२ ने करायचा : १,००० भागिले १२, म्हणजे ८० च्या थोडे वर. ८० शेअर घेतले तर तशी सकाळ उजाडली तरी तोटा ९६० च्या आसपास राहतो. याहून मोठी उडी कधी येणार नाही असं नव्हे, पण निदान एकदा घडून गेलेल्या गोष्टीसाठी तरी माणूस तयार असतो. आणि हे काम ऑर्डर टाकण्याआधीच झालेलं असतं; रांगेत कोण उभं आहे यावर ते अवलंबून नाही.

दोन बारीक गोष्टी आणखी आहेत, ज्या स्लाइडच्या तळाशी लहान अक्षरांत तरी असाव्यात. एक म्हणजे मुदत. बऱ्याच ठिकाणी स्टॉप लॉस त्या दिवसापुरताच असतो. बाजार बंद झाला की तो संपतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्याने भरावा लागतो. सोमवारी लावला आणि आठवडाभर आहे असं धरून चाललं, तर मंगळवारपासून काहीच लावलेलं नसतं. दुसरी गोष्ट उरलेल्या ऑर्डरची. कुणी ११० ला नफ्यात विकण्याची लिमिट ऑर्डर आणि ९५ चा स्टॉप लॉस अशा दोन वेगवेगळ्या ऑर्डर ठेवतो. भाव ११० ला जातो, शेअर विकले जातात, आनंद होतो. स्टॉप लॉस रद्द करायचा राहून जातो. पुढे भाव ९५ ला आला की ती विसरलेली ऑर्डर जागी होते आणि हातात नसलेले शेअर विकायला निघते. कुठे ती नाकारली जाते, कुठे उधारीचा विक्री-सौदा उभा राहतो आणि तो निस्तरायला खिशातून पैसे जातात. एक लागली की दुसरी आपोआप रद्द होईल अशी जोड-ऑर्डर मिळत असेल तर ती वापरावी. नसेल तर विक्री झाल्याबरोबर ऑर्डरच्या यादीत जाऊन ‘ट्रिगर पेंडिंग’ काही शिल्लक आहे का, ते पाहून यावं.

एवढं सगळं एका स्लाइडवर मावणार नाही हे खरं, आणि मावू नयेही. एका स्लाइडवर एक शब्द हा नियम मला मनापासून आवडतो; तो लिहिणाऱ्याला नेमकं व्हायला लावतो. अडचण इतकीच की काही शब्द एकटे उभे राहू शकत नाहीत. स्टॉप लॉसच्या पोटात रांग आहे, मार्केट ऑर्डर आहे, लिमिट ऑर्डर आहे, ट्रिगर आहे. त्यांच्या आधी तो आला की लिहिणाऱ्याला भोकं बुजवायला ‘लाच’, ‘आपोआप’, ‘जाणार नाही’ असे शब्द वापरावे लागतात. त्यामुळे कॅरोसेलचा क्रम बदलावा. आधी एक स्लाइड नुसत्या रांगेची : ‘भाव म्हणजे शेवटचा सौदा. पुढचा सौदा रांगेत कोण उभा आहे त्यावर.’ मग मार्केट ऑर्डर : ‘आत्ता विक, मिळेल त्या भावाला.’ मग लिमिट : ‘या भावाच्या खाली नको, नाही विकलं गेलं तरी चालेल.’ मग ट्रिगर, आणि तिथे कुलपाऐवजी गजराच्या घड्याळाचं चित्र. त्यानंतर येणाऱ्या स्टॉप लॉसला दोन ओळी पुरतात.

त्या दोन ओळी लिहून पाहिल्या तेव्हा ‘च’ काढून टाकायचा असं ठरवलं होतं. तो काढावा लागला नाही. फक्त भावापासून सोडवून वेळेला लावावा लागला. ‘भाव ९५ ला किंवा त्याखाली आला की तेव्हाच विक्रीची ऑर्डर निघेल. कितीला विकली जाईल, ते त्या वेळी घेणारे कितीला उभे आहेत त्यावर.’